भौतिकशास्त्राची गणितं नेमकी कुठे अडतात? अकरावीतल्या मुलीच्या वडिलांना पत्र

आदरणीय पालक,

स. न. वि. वि.

पालकसभेत तुम्ही विचारलं होतंत, "सूत्रं सगळी पाठ आहेत, वर्गात शिकवलेलं कळतं म्हणते, मग गणित समोर आलं की पेन का थांबतं? अजून एक क्लास लावू, की रोज पन्नास गणितं सोडवायला बसवू?" तुमच्यामागे इतर पालक थांबले होते आणि दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. त्यानंतर तुमच्या मुलीचा चाचणीचा पेपर आणि गृहपाठाची वही मी सवडीने पाहिली. त्यावरून माझं मत सांगते. आत्ता क्लास लावू नका आणि पन्नास गणितंही नकोत. तिचं गणित एकाच ठिकाणी अडतंय आणि ती जागा मला दिसली आहे. ती तुम्हालाही दाखवते. तुम्ही कॉमर्सचे असलात तरी काही बिघडत नाही.

चाचणीतलं गणित असं होतं. गुळगुळीत टेबलावर ४ किलोचा ठोकळा आहे. त्याला दोरी बांधून ती टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली सोडली आहे आणि खालच्या टोकाला १ किलोचा ठोकळा लोंबतो आहे. हात सोडला की दोन्ही ठोकळे हलू लागतात. त्यांचं त्वरण किती आणि दोरीतला ताण किती? त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती वाढतो ते, आणि ताण म्हणजे दोरी किती जोराने ओढते ते. गुरुत्वीय त्वरण १० धरायचं, म्हणजे १ किलोचं वजन १० न्यूटन होतं.

तिने लिहिलं: लोंबणाऱ्या ठोकळ्याचं वजन १० न्यूटन, म्हणून दोरीतला ताण १० न्यूटन. टेबलावरचा ठोकळा ४ किलोचा, म्हणून F = ma वापरून त्वरण १० भागिले ४, म्हणजे २.५. सूत्र बरोबर, भागाकार बरोबर, अक्षर सुंदर, आणि दोन्ही उत्तरं चुकीची.

तिच्या उत्तराला तिचाच एक प्रश्न विचारून पाहू. लोंबणाऱ्या ठोकळ्यावर पृथ्वीची ओढ खाली १० न्यूटन. दोरीचा ताण १० असेल, तर दोरी त्याला वर तेवढ्याच जोराने ओढते आहे. दोन्ही बलं सारखी झाली, तर हात सोडल्यावरही हा ठोकळा जागचा हलणार नाही. आणि पुढच्याच ओळीत तो २.५ त्वरणाने निघाला आहे! या दोन ओळी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. हे तिला दिसलं नाही, कारण लोंबणाऱ्या ठोकळ्याचा तिने स्वतंत्र विचार केलाच नव्हता. दोरी म्हणजे वजन पलीकडे पोचवणारी नळी आहे असं धरून ती थेट सूत्राकडे गेली.

प्रश्न वाचणं आणि सूत्र लिहिणं यांच्यामध्ये एक काम असतं. एक वस्तू निवडायची, ती बाकी सगळ्यांपासून सुटी काढायची आणि तिच्यावर कोण कोण बल लावतंय ते बाणांनी दाखवायचं. वर्गात आम्ही याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतो, मुलं नुसतं एफबीडी म्हणतात. तिच्या वहीत बहुतेक ठिकाणी ही आकृती नाहीच. जिथे आहे तिथे सगळे ठोकळे, दोरी आणि टेबल एकाच चित्रात आहेत आणि बाण त्यावर विखुरलेले आहेत. एका ठिकाणी तर लोंबणाऱ्या ठोकळ्याचं वजन टेबलावरच्या ठोकळ्यावर बाण काढून दाखवलं आहे. त्या ठोकळ्याला तर फक्त दोरी, टेबल आणि पृथ्वी एवढेच तिघं बल लावतात. पलीकडे काय लोंबतंय हे त्याला दोरीमार्फतच कळतं.

आता गणित नीट करू. आधी लोंबणारा ठोकळा सुटा काढू. खाली १० न्यूटन, वर ताण T. वस्तुमान १ किलो. तो खाली जातोय, म्हणून खालची दिशा धन धरू:

10 − T = 1 × a

मग टेबलावरचा ठोकळा. त्याचं वजन आणि टेबलाचा वरचा रेटा एकमेकांना फेडतात. आडव्या दिशेला एकटी दोरी ओढते:

T = 4 × a

दोरी ताणली जात नाही आणि ढिलीही पडत नाही, म्हणून दोघांचं त्वरण एकच. हे वाक्य मुलं लिहीत नाहीत, पण दोन्ही ओळींत तेच a लिहिण्याची परवानगी त्यानेच मिळते. दोन्ही ओळींची बेरीज केली की 10 = 5a, म्हणून त्वरण २ आणि ताण ८ न्यूटन. ताण १० पेक्षा कमी आला, आणि तो कमी असायलाच हवा. ते २ न्यूटन उरले म्हणून तर खालचा ठोकळा वेग घेतो.

अशी दोन समीकरणं सोडवायला तिला अडचण आहे का, हेही मी पाहिलं. नुसती ही दोन समीकरणं कागदावर देऊन T आणि a काढायला सांगितलं, तर तिने लगेच काढून दाखवलं. तेव्हा बीजगणित कच्चं आहे अशी शंका असेल तर काढून टाका. ज्या मुलांना हेही जमत नाही, त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल.

"ताण म्हणजे लोंबणारं वजन" ही समजूत नुसतं सांगून जात नाही. घरी एक गोष्ट करून बघा. बाजारात आकडा असलेला स्प्रिंगचा तागकाटा मिळतो. डिजिटल नको, काटा सरकताना डोळ्यांनी दिसायला हवा. त्याला किलोभर तांदळाची पिशवी अडकवा आणि काटा हातात धरून उभे राहा. काटा १ किलो दाखवेल. आता हात झटकन खाली न्यायला सुरुवात करा. त्या क्षणी काटा १ किलोच्या खाली येतो. हात संथ, एकाच वेगाने खाली जात असेल तर तो पुन्हा १ किलोवर असतो. आणि खाली जाता जाता हात एकदम थांबवलात, की काटा १ किलोच्या वर उडी मारतो. पिशवीतले तांदूळ तर तेवढेच आहेत. काटा तांदूळ मोजत नाही, तो ताण मोजतो आणि ताण वेग बदलतोय की नाही यावर ठरतो. हे तिला करू द्या आणि करण्याआधी तिच्याकडून वदवून घ्या की काटा कुठे जाईल. आधी अंदाज न बांधता नुसतं पाहिलं, तर बघून झाल्यावर "हो, मला माहीत होतं" असं वाटतं आणि समजूत जागची हलत नाही.

आता तुमचं काम. ती गणित सोडवायला बसली की शेजारी बसून तुम्ही तीन गोष्टी विचारायच्या. उत्तर तुम्हाला माहीत नसलं तर उलट बरंच आहे, तिला ते समजावून सांगावं लागेल.

पहिला प्रश्न: "तू आत्ता कोणत्या वस्तूबद्दल बोलते आहेस?" तिने एका वस्तूवर बोट ठेवलं पाहिजे. "दोन्ही ठोकळ्यांबद्दल" असं म्हणाली तरी चालेल, पण मग दोन्ही मिळून एकच वस्तू आहे असं धरायचं आणि आतल्या दोरीचा बाण काढायचा नाही. अर्धं हे आणि अर्धं ते, असं चालत नाही.

दुसरा प्रश्न: "हा बाण कोणी लावला?" हा माझ्या मते सगळ्यांत मोलाचा प्रश्न आहे. प्रत्येक बलाला देणारा असतो: पृथ्वी, दोरी, टेबल, हात, हवा. बाणाचा मालक सांगता आला नाही, तर तो बाण खोडायचा. मुलं पुढे सरकणाऱ्या वस्तूवर हमखास पुढच्या दिशेने एक बाण काढतात आणि "हे गतीचं बल" म्हणतात. घसरत जाणाऱ्या कॅरमच्या सोंगटीवरही ते असाच बाण काढतील. पण बोट सुटल्यानंतर सोंगटीला पुढे ढकलणारं कोणी उरलेलं नसतं. ती आधी मिळालेल्या वेगाने जात असते आणि पाट तिला मागे ओढत असतो. "कोणी लावला?" या एका प्रश्नाने असले बाण गळून पडतात.

तिसरा प्रश्न उत्तर आल्यावर विचारायचा: "हे पटतंय का?" "बरोबर आहे का?" असं विचारू नका, त्याने ती मागच्या पानावरचं उत्तर बघायला जाईल. पटतंय का हे ठरवायची एक ठाम रीत आहे. गणितातली एखादी संख्या टोकाला न्यायची. टेबलावरचा ठोकळा इतका हलका केला की जवळजवळ नाहीच, तर काय होईल? लोंबणारा ठोकळा मोकळा पडेल, त्वरण १० आणि ताण शून्य. तो हत्तीएवढा जड केला तर? काही हलणार नाही, त्वरण शून्याजवळ, आणि दोरी नुसतं १ किलो धरून राहील, ताण १० च्या जवळ. आता सूत्र तपासा. टेबलावरचं वस्तुमान m₁ आणि लोंबणारं m₂ धरलं तर त्वरण येतं

a = m₂g / (m₁ + m₂)

m₁ शून्य केलं तर a = g, m₁ प्रचंड केलं तर a शून्याकडे. दोन्हीकडे जुळलं. तिच्या रीतीने आलेलं m₂g / m₁ यात m₁ लहान करत गेलात, तर त्वरण १० च्याही पुढे, वाटेल तितकं मोठं होतं. म्हणजे दोरीला बांधलेला ठोकळा मोकळ्या पडणाऱ्या दगडापेक्षा जोरात पडायला लागला! इथे चूक आहे हे कळायला उत्तरसूची लागत नाही. सीईटीत याचा रोकडा फायदा होतो. तिथे भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटं असतात आणि चार पर्यायांपैकी दोन-तीन पर्याय अशा टोकाच्या परीक्षेतच बाद होतात.

याच गणितात आता थोडं घर्षण घालते, कारण हुशार मुलंही इथे फसतात. टेबल खडबडीत आहे आणि घर्षणाचा गुणांक ०.३ आहे असं समजा. टेबलावरच्या ठोकळ्याचं वजन ४० न्यूटन, म्हणून घर्षण ०.३ गुणिले ४०, म्हणजे १२ न्यूटन. सूत्रात टाकलं की त्वरण येतं (१० − १२) भागिले ५, म्हणजे उणे ०.४. पुष्कळ मुलं हे उत्तर लिहून खाली दुहेरी रेघ मारतात. त्याचा अर्थ काय होतो बघा: हात सोडल्यावर लोंबणारा ठोकळा आपोआप वर चढायला लागला. "हे पटतंय का?" असं विचारल्याबरोबर ती हसेल. मग खरं काय घडतं? घर्षण जास्तीत जास्त १२ न्यूटनपर्यंत अडवू शकतं, पण जेवढी गरज तेवढंच अडवतं. इथे ओढ १० ची आहे, म्हणून घर्षण १० न्यूटन, त्वरण शून्य. आणि या वेळी ताण खरोखरच १० न्यूटन, कारण काही हलत नाही. तिचं चाचणीतलं "ताण १०" हे उत्तर या परिस्थितीत बरोबर ठरलं असतं. हे तिला आवर्जून सांगा. तिची समजूत ठोकळे स्थिर असताना लागू पडते, ती तिने हलत्या ठोकळ्यांना लावली.

पन्नास गणितं नकोत असं का म्हणते तेही सांगते. १९८१ मध्ये अमेरिकेत मिशलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राची गणितं तज्ज्ञांना आणि नवशिक्यांना देऊन त्यांचे गट पाडायला सांगितले. नवशिक्यांनी उतरणीची गणितं एकत्र ठेवली, स्प्रिंगची एकत्र, कप्पीची एकत्र. तज्ज्ञांनी ती कोणत्या तत्त्वाने सुटतात त्यावरून गट केले: ही ऊर्जा अक्षय्यतेची, ही न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची. तुमची मुलगी आत्ता पहिल्या रीतीने बघते. कप्पी दिसली की मागच्या कप्पीच्या गणितात संख्या बदलून टाकते. एकाच धड्याची एकाच साच्यातली पन्नास गणितं केली, तर हीच सवय घट्ट होईल. त्यात निवडायचं काही नसतं, नुसतं भरायचं असतं.

त्याऐवजी हेच एक गणित फिरवून बघायला सांगा. खालचा ठोकळा अर्धा मीटर उतरल्यावर दोघांचा वेग किती? इथे ताण काढायची गरज नाही. खाली आलेल्या ठोकळ्याची स्थितिज ऊर्जा १ गुणिले १० गुणिले ०.५, म्हणजे ५ ज्यूल कमी झाली. ती ५ किलोच्या एकूण वस्तुमानाची गतिज ऊर्जा झाली, म्हणून ½ × 5 × v² = 5, आणि वेग साधारण १.४ मीटर प्रति सेकंद. त्वरण २ घेऊन गतीच्या समीकरणाने काढला तरी तेवढाच येतो. म्हणजे चित्र तेच ठेवून प्रश्न बदलला की तत्त्व बदललं. आता उलट. खाली निघालेल्या लिफ्टमध्ये ५० किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा आहे आणि लिफ्टचं त्वरण खाली २ आहे. काटा किती दाखवेल? ५०० वजा काट्याचा रेटा बरोबर ५० गुणिले २, म्हणून रेटा ४०० न्यूटन, काट्यावर ४० किलो. इथे कप्पी नाही, दोरी नाही, पण समीकरण लोंबणाऱ्या ठोकळ्याचंच. ही दोन गणितं भावंडं आहेत हे तिने आपण होऊन सांगितलं, तर समजा की ती तत्त्वावरून बघायला लागली.

सोडवलेली उदाहरणं वाचूच नयेत असं मात्र नाही. नवीन धडा असताना तासभर एकाच गणिताशी झुंजण्यापेक्षा सोडवलेलं उदाहरण नीट वाचणं चांगलं. वाचायची रीत बदला. उत्तरावर कोरा कागद ठेवायचा आणि एकेक ओळ उघडायची. उघडण्याआधी पुढची ओळ काय असेल ते म्हणायचं, आणि उघडल्यावर ती तिथे का आली ते सांगायचं. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या पानावर करायचं. वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. खरं किती कळलं ते या दुसऱ्या दिवशीच दिसतं. तिच्या वहीत आदल्या गणिताची हुबेहूब ठेवण दिसते, त्यावरून ती पुस्तक उघडं ठेवून सोडवते असा माझा अंदाज आहे. रागावू नका, बहुतेक मुलं तसंच करतात.

रोज तीन गणितं पुरेत, आणि ती वेगवेगळ्या धड्यांतली हवीत. अडली तर दहा-पंधरा मिनिटं तिला अडू द्या, मग पुस्तकातली एकच ओळ बघायला परवानगी द्या. चुकलेल्या गणिताखाली बरोबर उत्तर उतरवून काढू नये. "मी लोंबणारा ठोकळा सुटा काढला नाही", "घर्षण कमाल धरलं", असं एक वाक्य लिहावं. महिन्याभराने तीच तीच दोन-तीन वाक्यं पुन्हा आलेली दिसतील. मग कशावर काम करायचं ते तिचं तिलाच कळेल.

एका गोष्टीची आधीच कल्पना देते. सुरुवातीला तिचा वेग कमी होईल. आकृती काढायला वेळ जातो आणि पुढच्या चाचणीत एखादा प्रश्न राहूनही जाईल. मार्क लगेच वाढले नाहीत म्हणून ही रीत सोडायला सांगू नका. आकृती अंगवळणी पडली की ती अर्ध्या मिनिटात होते. सुधारणा होते आहे हे मार्कांच्या आधी वहीत दिसेल: प्रत्येक गणितात सुट्या वस्तूची आकृती, प्रत्येक बाणाजवळ देणाऱ्याचं नाव, आणि अधूनमधून स्वतःच खोडलेलं उत्तर. दोन महिन्यांनी यातलं काहीच दिसलं नाही, तर मला भेटा. मग अडचण दुसरीकडे आहे का ते आपण पाहू. कधीकधी उतरणीच्या गणितात साइन-कोसाइनची गल्लत असते आणि ती वेगळी दुरुस्त करावी लागते.

सोमवारी तिच्याबरोबर पाच गणितांचा कागद पाठवते आहे. त्यातलं एकही तिने सोडवायचं नाही. प्रत्येक गणितातली प्रत्येक वस्तू सुटी काढून फक्त बाण काढायचे आणि बाणाचा मालक लिहायचा. पाचव्या गणितात एका ठोकळ्यावर दुसरा ठोकळा आहे आणि खालचा ओढला जातोय. वरच्याला पुढे कोण नेतं, यावर ती तुमच्याशी वाद घालेल. घालू द्या, आणि शुक्रवारपर्यंत कागद माझ्याकडे पाठवा.

आपली,
भौतिकशास्त्र शिक्षिका